अंध प्रेक्षकांसाठी चित्रपट लावताना: सोलापुरातल्या चित्रपटगृहांना आणि फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
चित्रपटगृहांचे व्यवस्थापक, फिल्म सोसायट्या आणि महोत्सव भरवणाऱ्या संस्था व महाविद्यालये,
सोलापूर

सप्रेम नमस्कार.

अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी एखादा खेळ लावायचा ठरला की पहिली चौकशी यंत्राची होते. हेडफोन किती लागतील, ॲप कोणते घ्यायचे, खर्च किती. चित्रपट कोणता, हा प्रश्न शेवटी येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा 'सध्या गाजतोय तो' किंवा 'विषय अंधांचा आहे तो' असे असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा हवा. ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे दृश्यवर्णन, चालेल की फसेल हे निम्म्याहून जास्त चित्रपटाच्या निवडीवर ठरते. म्हणून या पत्रात चित्रपटाबद्दल जास्त आणि यंत्राबद्दल कमी लिहितो आहोत.

दृश्यवर्णन म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एका आवाजाने सांगितलेले पडद्यावरचे दृश्य. कोण आले, कोणी काय उचलले, पत्रावर काय लिहिले होते, दोघांत कशी नजरानजर झाली. क्रियापदे वर्तमानकाळी, वाक्ये छोटी. संवादावर बोलायचे नाही, आणि कानाला जे आपोआप कळते तेही सांगायचे नाही. दार वाजले तर 'दार वाजते' म्हणणे वाया जाते, दारात कोण आहे ते सांगायचे. मतही द्यायचे नाही. 'तो अपराधी भावनेने बघतो' असे म्हणू नये, 'तो मान खाली घालतो' म्हणावे. अपराध कळायचा तो प्रेक्षकाचा प्रेक्षकाला कळतो.

नियम ऐकायला सोपे आहेत. अडचण सेकंदांची असते. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना सेकंदाला दोन शब्द हा आमचा हिशोब आहे. इंग्रजीत तो थोडा जास्त धरतात, पण 'खिळ्यावरचा', 'खांद्यावरून' असे आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन येतात आणि लांब होतात. म्हणून दोनच धरावेत.

एक प्रसंग घेऊ, नमुन्यासाठी रचलेला. यंत्रमागाची खोली, खडखडाट चालू आहे. तो थांबतो. बापू भिंतीकडे जातो, मुलीचा फोटो काढून खिशात ठेवतो. लगेच शेजारी हाक मारतो. माग थांबल्यापासून हाकेपर्यंत सहा सेकंद आहेत. नवखा लेखक लिहितो: 'बापू अतिशय दुःखी चेहऱ्याने यंत्रमाग बंद करून हळूहळू भिंतीकडे जातो आणि खिळ्यावर टांगलेला आपल्या लाडक्या मुलीचा जुना फोटो काढून शर्टाच्या खिशात ठेवतो.' हे बावीस शब्द झाले, म्हणजे अकरा सेकंद. वाचणारा मग घाई करतो आणि तरीही शेजाऱ्याची हाक बुडवतो. आता गाळू. 'यंत्रमाग बंद करून' गेले, कारण खडखडाट थांबलेला सगळ्यांनी ऐकला. 'दुःखी' गेले, ते मत आहे. 'लाडक्या' गेले, ते पडद्यावर दिसतच नाही. उरते ते असे: 'बापू भिंतीवरचा मुलीचा फोटो काढतो. शर्टाच्या खिशात ठेवतो.' आठ शब्द, चार सेकंद. उरलेले दोन सेकंद वाया गेलेले नाहीत. एक आधी ठेवायचा, मागाच्या थांबण्यानंतरची शांतता कानात उतरायला; एक नंतर, हाकेच्या आधी. आणि 'मुलीचा' हा शब्दसुद्धा तेव्हाच चालतो, जेव्हा ही त्याची मुलगी आहे हे चित्रपटाने आधी सांगितलेले असते. नसेल तर 'एका मुलीचा फोटो' म्हणायचे. डोळस प्रेक्षकाला जे ज्या क्षणी कळते, ते त्याच क्षणी अंध प्रेक्षकाला कळावे, आधीही नको आणि उशिराही नको.

प्रेक्षक इथला असेल तर त्याच्या ओळखीचा शब्द सेकंद वाचवतो. 'कापडाने सजवलेली उंच काठी घेऊन' म्हणण्यापेक्षा 'नंदीध्वज घेऊन' म्हटले की सोलापुरात काम झाले. तेच वर्णन पुण्यामुंबईला पाठवायचे असेल तर मात्र वेगळे लिहावे लागेल.

आता निवडीकडे येतो. कोणत्याही चित्रपटात दोन गोष्टी मोजायच्या: गरज कुठे आहे आणि जागा कुठे आहे. गरज म्हणजे नुसते ऐकून गोष्टीचा धागा तुटतो ती ठिकाणे. जागा म्हणजे संवाद आणि महत्त्वाचे आवाज नसलेले सेकंद. या दोन्ही एकाच ठिकाणी येतात तो चित्रपट दृश्यवर्णनाला सगळ्यात योग्य. हे तपासायला यंत्र लागत नाही. चित्रपट लावा, पडदा झाका, वही घ्या आणि अर्धा तास फक्त ऐका. धागा सुटला की तिथली वेळ लिहा. मग पडदा उघडून तोच अर्धा तास पुन्हा बघा आणि प्रत्येक नोंदीच्या आसपास, आधी किंवा नंतर पाच-सात सेकंदांत, किती मोकळी जागा आहे ते घड्याळाने मोजा. दहापैकी सात-आठ नोंदींना चार सेकंद मिळत असतील तर चित्रपट घ्या. तीन-चारांनाच मिळत असतील तर पहिल्या खेळासाठी दुसरा शोधा.

या चाचणीत काही प्रकार लगेच ओळखू येतात. रंगभूमीवरून आलेला, लांब स्वगतांचा चित्रपट ऐकायला जवळजवळ पूर्ण असतो. त्यात जागा कमी आणि गरजही कमी, त्यामुळे तो चालतो, पण दृश्यवर्णनाने त्यात फारसे काही मिळत नाही. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे तोंडाचा पट्टा सुरू असताना मागे चेहऱ्यांचे आणि हालचालींचे विनोद चाललेले असतात तो चित्रपट. गरज भरपूर, जागा शून्य. डोळस लोक हसतात आणि अंध प्रेक्षकाला आपण कशाला हसलो नाही ते दोन वाक्ये उशिरा कळते. सभागृहात हे फार बोचते. दुसऱ्या टोकाला १९८७चा 'पुष्पक', ज्यात संवादच नाहीत. तिथे जागाच जागा, पण वर्णन सतत बोलत राहते आणि चित्रपटाची नभोनाट्यासारखी गत होते. निष्णात माणसे ते पेलतील, पहिल्या प्रयत्नात हात घालू नये.

भाषेचा प्रश्न आपल्या शहरात वेगळाच आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड चित्रपटांना हक्काचा प्रेक्षक आहे, तेव्हा 'तेलुगू चित्रपटाला मराठी वर्णन देऊ' ही सूचना येतेच. ज्याला तेलुगू कळते त्याला ते उत्तम. पण तेलुगू न कळणाऱ्या अंध प्रेक्षकाला पडद्यावरची उपशीर्षकेही वाचून दाखवावी लागतात, आणि ती दुसऱ्या आवाजात, नाहीतर वर्णन कोणते आणि संवाद कोणता हे कळत नाही. म्हणजे मूळ संवाद, वाचलेला संवाद आणि वर्णन असे तीन थर एकाच कानात. मोजून ठेवलेल्या जागाही मग आधीच भरलेल्या निघतात, कारण वाचन संवादापेक्षा लांबते. पहिला खेळ ज्या भाषेत संवाद, त्याच भाषेत वर्णन असा ठेवा.

आमची शिफारस विचाराल तर नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). करमाळा तालुक्यातल्या दिग्दर्शकाचा आहे आणि बोली आपल्या कानाची आहे हे खरे, पण शिफारस त्यासाठी नाही. गरज आणि जागा या चित्रपटात हातात हात घालून येतात, म्हणून आहे. शाळकरी जब्या आणि त्याच्या घरच्यांची डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. नुसते ऐकणाऱ्याला राष्ट्रगीत कळते, पण पळणारी माणसे जागच्या जागी उभी राहिली आहेत आणि डुक्कर हातचे निसटते आहे, हे कळत नाही. सगळा प्रसंग त्या एका गोष्टीवर उभा आहे. राष्ट्रगीताचे शब्द प्रत्येकाला पाठ आहेत, म्हणून ओळींच्या मधे हलक्या आवाजात 'जब्या जागीच उभा राहतो', मग थांबून 'घरचेही थबकतात', मग 'डुक्कर निसटते', एवढे बोललेले चालते. त्याहून अधिक एक शब्द नको.

पुढे डुक्कर टांगून नेताना कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. इथे संवाद नाही, जागा आहे. नावे ज्या क्रमाने पडद्यावर येतात त्याच क्रमाने घ्यायची, चित्र दिसेल तेव्हाच. 'केवढा हा विरोधाभास' असे काही जोडायचा मोह होतो, तो आवरायचा. भिंत आणि तिच्यासमोरून चाललेले ओझे शेजारी ठेवले की वर्णनाचे काम संपले. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे. 'दगड फेकतो' एवढे म्हटले तर अर्थच गेला. 'आपल्या दिशेने' हे दोन शब्द हवेतच, आणि पडदा काळा व्हायच्या आत वाक्य संपायला हवे.

त्यांच्याच 'सैराट'चा (२०१६) शेवट घेऊ, कारण भल्याभल्या वाचकांची दांडी तिथे उडू शकते. तो भाग दिग्दर्शकाने आवाज काढून घेऊन दाखवला आहे. ज्याच्या कानात हेडफोन आहे त्याला वाटणार, यंत्र बंद पडले. तो हेडफोन काढून बटणे चाचपणार आणि चित्रपटातले सगळ्यात मोठे दृश्य हातचे जाणार. म्हणून पहिले वाक्य दृश्याचे नसते, आवाजाचे असते. आम्ही असे लिहू: 'चित्रपटाचा आवाज थांबला आहे. मुलगा दारातून आत येतो.' मग विश्रांती. 'आर्ची आणि परश्या जमिनीवर, रक्तात. हालचाल नाही.' पुन्हा विश्रांती, ही मोठी. 'मुलगा रडतो. रडण्याचा आवाज नाही. तो बाहेर जातो. त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.' तिसाच्या आत शब्द आहेत. जागा याच्या कितीतरी पट आहे, पण ती भरायची नाही. ती शांतता चित्रपटाची आहे, तिच्यातला वाटा अंध प्रेक्षकालाही पूर्ण मिळायला हवा. वाचणाऱ्यानेही गळा भरून वाचू नये, सपाट वाचावे.

गाण्यांबद्दल थोडक्यात. पहिले कडवे पूर्ण ऐकू द्या. वर्णन मधल्या संगीताच्या तुकड्यांत आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदावर ठेवा. कपडे किती वेळा बदलले याची यादी कोणालाच नको असते, गाण्यात गोष्ट पुढे सरकली असेल तेवढेच सांगा.

आता यंत्र. चित्रपटगृहात येणाऱ्या डिजिटल प्रतीत, म्हणजे डीसीपीमध्ये, आवाजाच्या अनेक वाहिन्या असतात. सातवी वाहिनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोठ्या केलेल्या संवादांची, आठवी दृश्यवर्णनाची. ती आठवी वाहिनी ट्रान्समीटरमार्फत प्रेक्षकाच्या रिसीव्हरमध्ये जाते. इथली नेहमीची चूक म्हणजे रिसीव्हर सातव्या वाहिनीवर लावून दिला जातो. कर्मचारी कानाला लावून बघतो, आवाज येतो, तो समाधानाने पुढे जातो. प्रेक्षकाला मात्र अडीच तास फक्त मोठे संवाद ऐकू येतात. म्हणून तपासणी संवादावर करू नका, बिनसंवादाच्या दृश्यावर करा. तिथे वर्णन करणारा आवाज आला तर वाहिनी बरोबर. याच्या उलट, आठव्या वाहिनीवर बऱ्याचदा नुसते वर्णन असते, त्यामुळे संवाद चालू असताना रिसीव्हर मुका वाटतो. तो बिघाड नाही, हे प्रेक्षकाला आधी सांगून ठेवा. चित्रपटाचा आवाज सभागृहातून ऐकायचा असतो, म्हणून कान पूर्ण झाकणारे हेडफोन देऊ नका. एका कानाचे किंवा उघड्या बांधणीचे द्या.

ॲपच्या पद्धतीत प्रेक्षकाचा फोन सभागृहातला आवाज मायक्रोफोनने ऐकून आपली जागा शोधतो आणि वर्णन जुळवून घेतो. वर्णनाची फाइल घरूनच उतरवून आणायला सांगा, आत रेंज मिळेलच असे नाही. फोन 'व्यत्यय आणू नका' वर हवा, नाहीतर फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारे टॉकबॅक ऐन प्रसंगात येणारे संदेश वाचत बसते. आणि फोनच्या पडद्याचा उजेड बंद करायचा, मागच्या रांगेची तक्रार येते ती त्याचीच.

फिल्म सोसायटी स्वतः वर्णन ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपवरून वाजवणार असेल तर जुळणी हमखास बिघडते, आणि ती कशी बिघडते त्यावरून कारण ओळखता येते. फरक हळूहळू वाढत जात असेल तर वेगाचा घोळ आहे. सेकंदाला २४ चौकटींच्या प्रतीवर लिहिलेले वर्णन २५ चौकटींच्या प्रतीला लावले तर दहा मिनिटांच्या मजकुरात चित्र २४ सेकंद पुढे गेलेले असते, आणि दोन तासांच्या चित्रपटात फरक पाच मिनिटांच्या जवळ जातो. २४ ऐवजी २३.९७६ची प्रत असेल तर तासाला सुमारे साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीला तो लक्षातही येत नाही, शेवटाकडे मात्र पात्राने बंदूक काढण्याआधीच 'तो बंदूक काढतो' ऐकू येते. याउलट फरक एकदम उडी मारून पुढे तसाच राहत असेल तर प्रतच वेगळी आहे: एखादे दृश्य कापलेले, मध्यंतराची पाटी जास्तीची किंवा तंबाखूच्या इशाऱ्याची चित्रफीत एका प्रतीत आहे आणि दुसऱ्यात नाही. वेगाचा घोळ असेल तर सगळी फाइल ताणावी किंवा आवळावी लागते, उडी असेल तर त्या जागेपासून पुढचे सगळे सरकवावे लागते. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की दोन्ही बिघडते.

म्हणूनच पहिल्या खेळाला आमचा सल्ला आहे: वर्णन पूर्ण लिहून ठेवा, पण वाचा प्रत्यक्ष. वाचणारा प्रक्षेपण कक्षात किंवा मागच्या बंद खोलीत बसतो, समोर चित्र, कानात संवाद, आणि मायक्रोफोनवरून प्रेक्षकांच्या हेडफोनमध्ये बोलतो. सहलीला वाटाडे वापरतात तसा बिनतारी संच यासाठी पुरतो. प्रत कोणतीही असो, मध्यंतर कुठेही घ्या, माणूस चित्राबरोबर चालतो. दोन तासांच्या चित्रपटाचे वर्णन लिहायला जाणकाराला आठवडा ते दहा दिवस धरा. लिहून झाले की ते अंध व्यक्तीबरोबर तपासा, आणि तिला त्या कामाचे मानधन द्या. डोळस माणूस मसुदा वाचून 'छान' म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात चित्र आधीच असते. संहितेतली नोंद कशी दिसावी याचा नमुना, वरच्याच प्रसंगाचा:

```
00:42:17 - 00:42:21
(माग थांबल्यावर एक सेकंद थांबा)
बापू भिंतीवरचा मुलीचा फोटो काढतो.
शर्टाच्या खिशात ठेवतो.
(शेजाऱ्याची हाक: 'बापूऽ')
```

कंसातल्या खुणा महत्त्वाच्या आहेत. वाचणाऱ्याने घड्याळापेक्षा त्यांच्यावर भिस्त ठेवावी, कारण वेळ सरकू शकते, हाक सरकत नाही. दोन वाचक ठेवा आणि मध्यंतराला बदला, एकाचा आवाज तासाभराने दमतो आणि मग वाक्यांचे शेवट गिळले जातात. खेळ सुरू होण्याआधी पाच मिनिटे पात्रांची ओळख करून द्या: कोण कोणाचा कोण, वय, ठेवण, कपड्यातली एखादी खूण. चित्रपटात जागा कमी असेल तेव्हा ही पाच मिनिटे पुढे बरीच वाक्ये वाचवतात.

कायद्याचेही सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम ४२मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शनचा नावाने उल्लेख आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत एकापेक्षा अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत दिली होती. तेव्हा वितरकाकडून प्रत मागवताना 'आठव्या वाहिनीवर वर्णन आहे का, आणि कोणत्या भाषेत' हे लेखी विचारायला संकोच करू नका.

शेवटची विनंती खेळानंतरच्या पाच मिनिटांची. दारात उभे राहून 'आवडला का?' विचारू नका. आपल्याकडे पाहुणचाराला नावे ठेवत नाहीत, उत्तर 'हो' असेच येते. नेमके विचारा. राष्ट्रगीत चालू असताना डुकराचे काय झाले? भिंतीवर कोणाकोणाची चित्रे होती? दगड कोणाच्या दिशेने आला? ज्या प्रश्नाला दोघातिघांनी 'ते नाही कळले' म्हटले, संहितेत त्या वेळेपुढे फुली मारा आणि तेवढीच ओळ पुन्हा लिहा. पुढच्या खेळाला त्यांनाच परत बोलवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

कळावे,
दृश्यवर्णन लिहिणारे आणि वाचणारे काही जण,
सोलापूर